काट्याचं वजन, नगांचा हिशेब आणि ईआरपी: शिरोलीतल्या मशीन शॉपचा वापरानंतरचा अनुभव

आमचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. कास्टिंग फौंड्रीकडून किलोवर घ्यायचं, आमच्याकडं मशिनिंग करायचं, काही माल रंगकाम किंवा हीट ट्रीटमेंटला बाहेर पाठवायचा आणि गिऱ्हाईकाला नगावर विकायचा, असा धंदा. कोल्हापुरात असे शेकडो कारखाने असतील, म्हणून हे लिहितोय. खरेदी, स्टॉक, विक्री आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे ईआरपी. आधी काही वर्षं आम्ही विकतची ईआरपी वापरली. नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्या एका कंपनीपुरती नाही. गेलं वर्षभर ईआरपीनेक्स्ट या मुक्त स्रोत ईआरपीवर आहोत. मुक्त स्रोत म्हणजे फुकट आणि विकतचं म्हणजे निर्धास्त, असं दोन्ही बाजूंनी सांगितलं जातं. वापरल्यावर दोन्ही खरं वाटत नाही. पहिल्या वर्षी आमचा दोन्हीकडचा खर्च जवळपास सारखाच आला. तिकडं लायसन्स आणि वार्षिक देखभाल करार, इकडं बसवून देणाऱ्याची फी, क्लाउड सर्व्हर आणि आमच्या माणसांचा वेळ. खरा फरक नंतर कळतो, आणि तो एखादा बदल कुणी, कुठं आणि कसा केला यावर ठरतो.

आमच्याकडचं उदाहरण सांगतो. एका ब्रॅकेटचं ड्रॉइंगवरचं वजन ६.४ किलो. ५०० नग आले की हिशेबानं ३,२०० किलो व्हायला हवेत. वजनकाट्याची पावती आली ३,२६४ किलोची. ओतताना साचा थोडा फुगला की एवढं वजन सहज वाढतं. ईआरपीत आयटमचं स्टॉकचं एकक नग, खरेदीचं एकक किलो आणि दोन्हींमधलं गुणोत्तर कायमचं ठरवलेलं: १ किलो म्हणजे ०.१५६२५ नग. आता ३,२६४ ला त्यानं गुणा. उत्तर ५१०. गोडाऊनमध्ये ५०० नग आणि स्क्रीनवर ५१०. दोन-तीन लॉटमध्ये कुणाच्या लक्षात येत नाही. मग वर्षअखेरीला मोजणी होते आणि सगळे स्टोअरवाल्याकडं संशयानं बघायला लागतात. तुमच्याकडंही ठरावीक आयटमचाच स्टॉक दरवेळी कागदावर जास्त निघत असेल, तर चोरीचा विचार करण्याआधी हे गुणोत्तर तपासा.

विकतच्या ईआरपीत आम्ही हाच प्रश्न मांडला होता. त्यांच्या माणसानं तो नीट समजून घेतला, तो हुशार होता. पण उत्तर आलं कोटेशनच्या रूपात: इतक्या दिवसांचं काम, इतका दर, आणि बदल पुढच्या आवृत्तीसोबत मिळेल. तोवर स्टोअरवाला एक्सेलमध्ये वेगळी वही ठेवत होता. सोर्स कोड आमच्या हातात नाही, डेटाबेसच्या टेबलांची रचना सांगितली जात नाही, म्हणून दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचीही सोय नव्हती.

ईआरपीनेक्स्टमध्ये आम्ही खरेदी सरळ नगावरच नोंदवतो. खरेदी पावतीच्या, म्हणजे Purchase Receipt च्या ओळीत दोन जादा रकाने घातले, काट्याचं वजन आणि किलोचा दर. नगाचा दर त्यावरून निघतो. ११० रुपये किलोनं ३,२६४ किलोचे ३,५९,०४० रुपये, भागिले ५००, म्हणजे नगाला ७१८.०८. ड्रॉइंगच्या वजनानं तो ७०४ झाला असता. हा १४ रुपये ८ पैशांचा फरक आता प्रत्येक लॉटला डोळ्यांसमोर असतो, आणि या एका लॉटला तो ७,०४० रुपये होतो. फौंड्रीवाल्याशी जादा वजनाचं बोलणं त्यामुळंच सुरू झालं. स्क्रिप्ट एवढीशीच आहे:

```javascript
frappe.ui.form.on('Purchase Receipt Item', {
  custom_kata_weight(frm, cdt, cdn) {
    const r = locals[cdt][cdn];
    if (!r.qty) return;
    frappe.model.set_value(cdt, cdn, 'rate',
      r.custom_kata_weight * r.custom_kg_rate / r.qty);
  }
});
```

एक मर्यादा आहे. वजन टाकल्यानंतर कुणी नग किंवा किलोचा दर बदलला, तर ही स्क्रिप्ट पुन्हा चालत नाही. त्यासाठी तेच गणित सेव्ह करताना सर्व्हरवरही तपासून घेतलं आहे.

हीट नंबरचंही असंच. फौंड्रीत एका वेळी वितळवलेल्या धातूच्या खेपेला हीट म्हणतात. गिऱ्हाईकाकडून क्रॅकची तक्रार आली की कुठल्या हीटचा माल कुठं गेला ते सांगावं लागतं. ईआरपीनेक्स्टमधला बॅच नंबर त्याला चालतो, पण बॅचचं नाव सगळ्या सिस्टिममध्ये एकदाच वापरता येतं. फौंड्रीचा हीट नंबर २१७ दोन वेगवेगळ्या आयटमला असणारच, एकाच हीटमधून दोन्ही ओतलेले असतात. म्हणून बॅचच्या नावात आयटम कोड, फौंड्रीचं लघुरूप, वर्ष आणि मग हीट नंबर अशी रचना ठेवली. हे पहिल्या दिवशी ठरवावं. नंतर बदलणं फार जिकिरीचं होतं.

स्वातंत्र्य आहे ते असं, आणि ते मला मनापासून आवडतं. पण देखभालीचं ओझंही याच स्वातंत्र्यातून येतं.

शेजारच्या गल्लीतल्या एका कारखान्यात ईआरपीनेक्स्टच बसवलं होतं. बसवणाऱ्यानं मागेल ते बदल भराभर करून दिले, पण थेट मूळ कोडच्या फायलींमध्ये. त्या वेळी सगळे खूश. अपडेट करायची वेळ आली तेव्हा `bench update` या अपडेटच्या आदेशानं मूळ अ‍ॅपमध्ये तुमचे बदल आहेत म्हणून काम थांबवलं. `--reset` दिलं तर अपडेट होतं, पण केलेले बदल पुसले जातात. त्यामुळं त्यांनी अपडेट करणंच सोडलं. ते अजून आवृत्ती १३ वर आहेत. आवृत्ती १४ पासून भारतातल्या जीएसटीचा भाग इंडिया कम्प्लायन्स या वेगळ्या अ‍ॅपमध्ये गेला आणि पगार-हजेरीचा भागही वेगळा झाला. म्हणजे जीएसटीचे नवे बदल हवे असतील तर वर सरकावंच लागतं, आणि त्यांना सरकता येत नाही. मूळ कोड असा कुणी हलवलाय का, हे कुणालाही तपासता येतं:

```
cd apps/erpnext
git status
git log upstream/version-15..HEAD
```

`git status` च्या उत्तरात modified असं दिसलं, किंवा `git log` च्या उत्तरात तुमच्या बसवणाऱ्याच्या नोंदी दिसल्या, तर मूळ कोडला हात लागलेला आहे. आवृत्ती १५ नसेल तर तिथं आपली आवृत्ती लिहायची.

आमच्याकडं अट पहिल्यापासून होती: सगळे बदल वेगळ्या कस्टम अ‍ॅपमध्ये, आणि त्याचा कोड आमच्या नावच्या खात्यात. तरीही १४ वरून १५ वर जाताना काम लागलंच. पंधरापासून सर्व्हर स्क्रिप्ट मुळातच बंद असतात. चाचणीच्या कॉपीवर पावती सेव्ह करायला गेलो तर स्क्रिप्ट बंद असल्याचा संदेश आला आणि गाडी तिथंच अडली. `bench set-config -g server_script_enabled 1` दिल्यावर सुटली. चालू सिस्टिमवर सकाळी माल उतरवताना हे झालं असतं तर गेटवर ट्रकांची रांग लागली असती. म्हणून आधी कॉपीवर अपडेट करायचं, मग खरेदी पावती, जॉबवर्कचं चलन, विक्री बिल आणि ई-इन्व्हॉइस ही साखळी एकदा पूर्ण चालवून बघायची. याला आमच्या दोन माणसांचे दोन-तीन दिवस जातात. विकतच्या ईआरपीत हे दिवस आमच्याकडून कधी गेले नव्हते, हे सांगायला हवं.

कायद्याच्या बदलांबाबत तर विकतची कंपनी खरोखर चांगली होती. १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइसची मर्यादा ५ कोटींवर आली आणि आम्ही त्यात आलो. त्यांचं अपडेट आधीच आलं होतं, फोनवर त्यांच्या माणसानं सगळं लावून दिलं. इंडिया कम्प्लायन्समध्येही ई-इन्व्हॉइस व्यवस्थित निघतो, पण त्याच्या एपीआयचे क्रेडिट विकत घ्यावे लागतात. हा खर्च कोटेशनमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, आधीच विचारून घ्या. आमच्या सीएंच्या ऑफिसला टॅलीची सवय होती. आता आम्ही ट्रायल बॅलन्स आणि जीएसटीआर-१ ची फाइल देतो. महिनाभर कुरबुर झाली, मग बसलं.

सपोर्टची खरी अडचण माणसांची आहे. टॅली येणारा अकाउंटंट कोल्हापुरात गल्लोगल्ली मिळतो. ईआरपीनेक्स्टचा कोड समजणारा पोरगा शोधावा लागतो, आणि तयार झाला की पुण्याला जातो. आमचंही काम बघणारा मध्येच सोडून गेला. काम अडलं नाही, कारण कोड आमच्या खात्यात होता आणि प्रत्येक जादा रकाना कशासाठी आहे ते मराठीत लिहून ठेवलेलं होतं. नव्या माणसानं आठवड्यात पकड घेतली. विकतच्या ईआरपीत माणूस बदलला तर कंपनी दुसरा देते, पण कंपनीनं ते उत्पादनच बंद केलं तर आपल्याकडं एक्सेलच्या फायली उरतात.

सर्व्हर ऑफिसात ठेवायचा की क्लाउडवर, यावर आमच्याकडं वाद झाला नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता बंद झाला होता. कारखान्यात पाणी शिरलं नाही तरी तिथवर पोचता येत नाही. क्लाउडवर असल्यामुळं घरूनही बिलं काढता येतात. बॅकअप रोज `bench --site all backup --with-files` नं घेतो आणि तो दुसऱ्या ठिकाणी पाठवतो. यातली `site_config.json` ची कॉपी जपायची, कारण त्यात `encryption_key` असते. ती नसली तर डेटा परत येतो, पण साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत, आणि ई-मेल व इतर जोडण्या नव्यानं कराव्या लागतात. तीन महिन्यांतून एकदा आम्ही बॅकअप रिकाम्या मशीनवर चढवून शेवटची बिलं जुळतात का ते बघतो.

ओडू या दुसऱ्या ईआरपीचाही विचार केला होता. त्याची कम्युनिटी आवृत्ती मुक्त आहे, पण पूर्ण अकाउंटिंग पैशाच्या एंटरप्राइज आवृत्तीत आहे, आणि जुना डेटा नव्या आवृत्तीवर नेण्याची कंपनीची सेवाही तिथंच. ईआरपीनेक्स्टला अशी वेगळी पैशाची आवृत्ती नाही, सगळं जीपीएल परवान्याखाली आहे. आमच्यासाठी निर्णय तिथं झाला.

माझ्या आत्तेभावाचं हार्डवेअरचं दुकान आहे. घ्यायचं, विकायचं, उधारी बघायची, एवढाच व्यवहार. त्यानं मला विचारलं तेव्हा मी त्याला विकतचंच घे म्हणालो. त्याला बदल लागत नाहीत आणि अपडेट तपासायला माणूसही नाही. दोनच गोष्टी करारात लिहून घ्यायला सांगितल्या: सगळा डेटा मागेल तेव्हा टेबलांच्या रचनेसकट मिळेल, आणि देखभालीची रक्कम दरवर्षी किती टक्क्यांपर्यंतच वाढेल. पहिली अट मान्य करायला विक्रेत्यानं वेळ घेतला, पण शेवटी लिहून दिली.