आलेखाखालची पहिली ओळ: विषय लिहावा, आकडा लिहावा की कारण?

ग्रामसभेचा फ्लेक्स, आशाताईंचा व्हॉट्सअॅप गट किंवा जिल्ह्याचा अहवाल, यांपैकी कशासाठीही आलेख केला की त्याखाली काय लिहायचं हे ठरवावं लागतं. सगळीकडे तीनच प्रकारच्या ओळी दिसतात: विषय सांगणारी, निष्कर्ष सांगणारी आणि कारण सांगणारी. तिन्ही एकाच आलेखाला लावून बघू.

आलेख बीड जिल्ह्याचा घेऊ. जनगणनेनुसार 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती, हे त्यात आहे. बीडमध्ये 1991 साली 939, 2001 मध्ये 894 आणि 2011 मध्ये 807. शेजारी दुसरी रेघ महाराष्ट्राची: 946, 913, 894. बस, एवढेच सहा आकडे.

पहिला प्रकार बहुतेक सरकारी अहवालांत असतो.

“आलेख 3: बीड जिल्हा व महाराष्ट्र, 0–6 वयोगटातील लिंगगुणोत्तर, 1991 ते 2011”

यात चूक काहीच नाही. पण वाचणाऱ्याला काय कळलं? आलेख कशाचा आहे, एवढंच. रेघ खाली गेली की वर, ते त्यानं स्वतः शोधायचं. दोनशे पानांच्या अहवालात, जिथे माणूस अनुक्रमणिका बघून आलेख हुडकतो, तिथे ही ओळ उपयोगी आहे आणि तिथे ती राहू द्यावी. मोबाईलवर मात्र चित्र बोटभर दिसतं, अक्षाचे आकडे वाचता येत नाहीत आणि लांब मजकुराच्या वरच्या काही ओळीच उघड्या असतात. तिथे ही ओळ जागा अडवून बसते.

दुसरा प्रकार:

“बीडमध्ये लहान मुलींचं प्रमाण दहा वर्षांत हजारामागे 894 वरून 807 वर आलं. याच काळात (2001 ते 2011) राज्याचं प्रमाण 913 वरून 894 झालं. वयोगट 0 ते 6, आधार जनगणना.”

माझी पसंती हिला आहे. चित्र उघडलं नाही तरी पहिल्या वाक्यातच मुद्दा हाती लागतो: कुठे, काय आणि किती. मोबाईल वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध माणसालाही तो तेवढाच लवकर मिळतो. वयोगट, वर्षं आणि आधार मागे ढकलले आहेत, पण गाळलेले नाहीत.

ही ओळ लिहिताना खरा वेळ जातो तो मुख्य मुद्दा निवडण्यात. या सहा आकड्यांत निदान दोन मुद्दे आहेत. एक, बीडची स्वतःची घसरण. दुसरा, राज्याशी वाढलेलं अंतर: 1991 मध्ये ते 7 होतं, 2001 मध्ये 19 झालं आणि 2011 मध्ये 87. दुसरा मुद्दा मला जास्त बोलका वाटतो, कारण ‘सगळीकडेच कमी होतंय’ हे उत्तर पुरेसं नाही, हे तो दाखवतो. छत्रपती संभाजीनगरला विभागीय बैठकीत आठ जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांपुढे आलेख ठेवायचा असेल, तर मी पहिल्या ओळीत अंतरच लिहीन. गेवराई किंवा पाटोदा तालुक्यातल्या ग्रामसभेत मात्र राज्याची रेघ परकी वाटते. तिथे आपल्या जिल्ह्याचं आधी आणि आता सांगावं. दोन्ही मुद्दे एकाच वाक्यात कोंबले की एकही लक्षात राहत नाही.

याच आलेखात एक फसवी जागाही आहे. 894 हा आकडा दोनदा येतो: बीडचा 2001 चा आणि महाराष्ट्राचा 2011 चा. 87 सुद्धा दोनदा: बीडची दहा वर्षांतली घट 87 आणि 2011 मधलं राज्याशी अंतरही 87. म्हणून आकड्याजवळ जिल्हा की राज्य आणि कोणता काळ, हे लिहायलाच हवं. ‘87 ने कमी’ एवढंच लिहिलं, तर कशापेक्षा कमी हे वाचणारा आपल्या मनाने ठरवतो. त्यातून कुणी ‘87 टक्क्यांनी घट’ असं पुढे पाठवलं तर सगळंच बिघडलं, कारण टक्क्यांत ही घट दहाच्याही थोडी आतच आहे.

‘2011 मध्ये हजार मुलांमागे 807 मुली जन्मल्या’ हे वाक्य वाचायला सोपं आहे, पण चुकीचं आहे. जनगणना त्या दिवशी हयात असलेली, सात वर्षांच्या आतली मुलं मोजते. म्हणजे हा आकडा मागच्या सात वर्षांत जन्मलेल्या आणि जगलेल्या मुलांचा आहे, एका वर्षाच्या जन्मांचा नाही. सोपं लिहायचं तर ‘सात वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली’ असं लिहावं. शब्द फार वाढत नाहीत आणि वाक्य खरं राहतं.

आधाराच्या ओळीत ‘अंतिम आकडे’ असं लिहिलेलं बरं. 2011 च्या जनगणनेचे हंगामी आकडे आधी आले होते, त्यांत बीड 801 आणि महाराष्ट्र 883 होतं. अंतिम आकडे 807 आणि 894. जुन्या कात्रणांत अजून 801 सापडतो. बीडच्या रेघेला हंगामी आणि राज्याच्या रेघेला अंतिम आकडा लागला, तर अंतर 93 येतं, आणि ते खोटं असतं.

तिसरा प्रकार:

“गर्भलिंगनिदानामुळे बीडमध्ये मुली घटल्या!”

ही ओळ सर्वात जोरकस आहे आणि लोक तीच पुढे पाठवतात. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण 950 मुली जन्मतात, तेव्हा 807 आपोआप घडत नाही, हे मलाही दिसतं. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा 1994 मध्ये झाला, तो उगीच झालेला नाही. तरीही या आलेखात सोनोग्राफी केंद्रं नाहीत, गर्भपातांची नोंद नाही, लहानपणी दगावलेल्या मुलींचा आकडा नाही. सभेत कुणी उठून ‘यात कारण कुठे दिसतं?’ असं विचारलं, की आलेखातला खरा आकडाही संशयात सापडतो. कारण सांगायचंच असेल तर त्याचा पुरावा घेऊन दुसऱ्या परिच्छेदात सांगावं, चित्राखाली नाही.

पहिली ओळ आणि चित्र यांचा जोर जुळतो का, हेही पाहावं लागतं. खांबांचा आलेख केला आणि अक्ष शून्याऐवजी 780 पासून सुरू केला, तर बीडचा 2011 चा खांब 2001 च्या खांबाच्या चौथ्या हिश्शाहूनही लहान दिसतो. खाली 894 आणि 807 लिहिलेलं असलं तरी डोळा खांबच मानतो. खांब शून्यापासूनच काढावेत. रेघांच्या आलेखात अक्ष मधून सुरू केलेला चालतो, मात्र तो कुठून सुरू होतो ते अक्षावर स्पष्ट छापावं.

तर निवड अशी. छापील अहवालात विषयाची ओळ क्रमांकासह आलेखाच्या वर ठेवा आणि निष्कर्ष खाली द्या. तिथे दोन्हींना जागा असते. व्हॉट्सअॅपवर आणि फ्लेक्सवर निष्कर्षच आधी. आधार आणि वयोगट चित्राच्या आतच बारीक अक्षरांत लिहा, कारण चित्र कुणी गॅलरीत उतरवून पुढे पाठवलं, की खाली टाईप केलेला मजकूर त्याच्यासोबत जात नाही.