पीएफ ट्रस्टचं लेजर सॉफ्टवेअर: मार्चअखेरच्या स्टेटमेंटनंतरचा अनुभव

वेगळी पीएफ ट्रस्ट असलेल्या आस्थापनेत वापरत असलेल्या लेजर मॉड्यूलबद्दल लिहितोय. मासिक वर्गणी चढवणं, पेन्शनचे पैसे वेगळे काढणं, चलनाशी मेळ घालणं ही कामं ते बिनतक्रार करतं, त्यात शब्द घालवत नाही. माझं भांडण फक्त व्याजाशी आहे. वार्षिक स्टेटमेंट छापल्यावर प्रत्येक सभासदाचं व्याज थोडं जास्त निघालं, तिथून ते सुरू झालं.

एक खातं घेऊ. सुरुवातीची शिल्लक ६,००,००० रुपये, त्यात कर्मचाऱ्याचा हिस्सा ३,६०,००० आणि मालकाचा २,४०,०००. मूळ पगार ३०,०००, म्हणजे कर्मचाऱ्याचे १२ टक्के ३,६००. मालकाचेही ३,६००, पण त्यातले १,२५० पेन्शनला जातात, कारण ८.३३ टक्के १५,००० च्या मर्यादेवरच मोजतात. मालकाच्या खात्यात उरतात २,३५०. दर ८.२५ टक्के.

१९५२ च्या पीएफ योजनेतला परिच्छेद ६० सांगतो की व्याज मासिक शिल्लकेवर मोजायचं, पण खात्यात जमा वर्षअखेरीस करायचं. मोजणी महिन्याची, जमा वर्षाची. सॉफ्टवेअरने दर महिन्याचं व्याज शिल्लकेतच मिसळलं आणि पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज धरलं. नुसत्या सहा लाखांवर बरोबर व्याज ४९,५०० होतं; मासिक चक्रवाढीने ते ५१,४१५ झालं. १,९१५ रुपये जास्त, तेही एका सभासदाचे. ट्रस्टच्या गुंतवणुकीतून तेवढं उत्पन्न आलेलंच नसतं, त्यामुळे शेवटी हा फरक मालकाच्या गळ्यात पडतो.

दुसरी गफलत वर्गणीच्या महिन्याची. मार्चच्या पगाराची वर्गणी एप्रिलमध्ये जमा होते आणि तिला व्याज मे पासून, म्हणजे ११ महिने. पुढच्या महिन्याच्या वर्गणीला १०, असं करत वर्षातल्या शेवटच्या जमेला शून्य. बेरीज ६६ महिने. सॉफ्टवेअर जमेच्याच महिन्यापासून व्याज देत होतं, म्हणून ७८ महिने झाले. दरमहा ५,९५० वर तेवढ्यानेच ४९१ रुपये वाढतात. रक्कम किरकोळ वाटते, पण तीनशे सभासदांचा ताळेबंद करताना ऑडिटर असलेच आकडे उकरतो.

इतपत लिहून मी दोन तारे देणार होतो. मग सेटिंग्जमध्ये, पगाराच्या विभागात (हो, व्याजाच्या नाही) उपार्जित व्याज आणि जमा व्याज वेगळं ठेवण्याचा पर्याय सापडला. तो चालू केला की दरमहा व्याज फक्त वेगळ्या रकान्यात साठतं आणि ३१ मार्चला एकदाच शिल्लकेत जातं. जमेच्या पुढच्या महिन्यापासून व्याज धरण्याचा पर्यायही तिथेच आहे. दोन्ही लावून वर्ष पुन्हा चालवलं, तेव्हा कर्मचाऱ्याच्या हिश्श्याचं व्याज ३१,३३४ आणि मालकाच्या हिश्श्याचं २०,८६६ आलं. एकूण ५२,२००, हाताने काढलेल्या आकड्याशी तंतोतंत. हिशोब येतो त्याला, फक्त चुकीचं मूळ सेटिंग देऊन विकतात.

हाताने पडताळायला स्प्रेडशीट पुरते. F4 पासून F15 पर्यंत प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेची शिल्लक भरा, त्या महिन्यात काही उचल झाली असेल तर ती वजा करून:

```
=ROUND(SUM(F4:F15)*8.25/1200,0)
```

पूर्णांक शेवटी एकदाच करा. दर महिन्याला पूर्णांक करत गेलात तर रुपया-दोन रुपये इकडेतिकडे होतात. दोन्ही हिश्श्यांसाठी सूत्र वेगवेगळं चालवा.

उचलीची चूक मात्र अजून सुटलेली नाही. समजा २० ऑक्टोबरला १,००,००० काढले. त्यांना व्याज सप्टेंबरअखेरपर्यंतच, पण सॉफ्टवेअर ऑक्टोबरही धरतं आणि ६८७.५० रुपये जादा देतं. तोडगा म्हणून उचलीची नोंद मागच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेने करा असं सपोर्टवाले सुचवतात. ऑडिट असलेल्या लेजरमध्ये खोटी तारीख! त्यापेक्षा मार्चला उपार्जित रकान्यात वजा समायोजन टाकलेलं बरं, शेऱ्यात खरी तारीख लिहून.

वर्षाच्या मध्यात दर जाहीर नसतो, म्हणून सॉफ्टवेअर जुन्या दराने उपार्जित व्याज धरतं. २०२२-२३ चा ८.१५ टक्के पुढच्या वर्षी ८.२५ झाला, तेव्हा सहा लाखांवर ६०० रुपयांचा फरक पडला. दर बदलून पुनर्गणना केली की तो आपोआप बसतो, आणि हे त्याचं खरंच चांगलं आहे. मात्र नवा दर वर्षाच्या पहिल्या तारखेपासून लावला आहे ना, ते बघा.

छापील स्टेटमेंटमध्ये व्याजाची एकच ओळ येते, दोन हिश्श्यांची मिळून. वेगळे रकाने हवेत तर ‘कस्टमायझेशन’चे पैसे मागतात. मी देणार नाही. सीएसव्हीत दोन्ही आकडे फुकट मिळतात, मेल मर्जने स्टेटमेंट बनतं.