गोडाऊनचं सॉफ्टवेअर, आठ महिन्यांनंतर: ट्रायलच्या एका पानाने तारलं, त्याच पानाने अडकवलं

जुलैत नवी मुंबईतल्या रबाळ्यात पाणी तुंबलं त्या दिवशी आमचं इंटरनेट साडेअकराला गेलं. मोबाइलची रेंजही येत-जात होती. शेवटी पावणेचारला अकाउंटच्या मॅडमच्या फोनचं हॉटस्पॉट लावलं, स्कॅनरमध्ये साठलेले मालाचे सगळे स्कॅन सॉफ्टवेअरमध्ये वर गेले, आणि मी निवांत चहा घेतला. दोन दिवसांनी सेल्सवाला ओरडत आला: गिऱ्हाइकाला ‘स्टॉक नाही’ सांगितलेलं बेअरिंग समोर रॅकवर पडलं होतं. तपासलं तर अडुसष्ट ओळींचा माल सॉफ्टवेअरमधून दोनदा वजा झालेला. टॅली बरोबर, सॉफ्टवेअर चूक.

सपोर्टला फोन केला. सॉफ्टवेअर घेण्याआधीच्या ट्रायलसाठी, त्यांच्या भाषेत पीओसीसाठी, मी एक पान लिहिलं होतं. पलीकडच्या माणसाने शांतपणे तेच मला वाचून दाखवलं. “सर, पीओसीच्या निकषात तुम्हीच १५ मिनिटं लिहिलंय. इथे सव्वाचार तास झाले.”

आता हे पान काय, ते सांगतो. सॉफ्टवेअरचे फीचर्स त्यांच्या माहितीपत्रकात आहेत, ते इथे उगाळत नाही.

आमचं बेअरिंग आणि ऑइल सीलचं वितरणाचं काम. रोज साधारण २८० ओळी बाहेर पडतात, म्हणजे बिलावरच्या ओळी, पेट्या नव्हेत. आधी एका कंपनीचा डेमो पाहून सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि वर्षभरात ते कपाटात गेलं, म्हणून या वेळी शेठना म्हटलं की आपल्याच गोडाऊनमध्ये, आपल्याच मालावर, दहा दिवस चालवून दाखवू दे. कंपनीने पीओसीचे ४५ हजार मागितले. पुढे सॉफ्टवेअर घेतलं तर हे पैसे पहिल्या वर्षाच्या लायसन्समधून वळते होतील, हे लेखी घेतल्याशिवाय मी चेक सोडला नाही. त्यांनीही एक गोष्ट लेखी मागितली: सगळे निकष पास झाले तर सात दिवसांत ऑर्डर. मला ते रास्त वाटलं. नुसतीच फुकट हमाली कोण करेल?

ट्रायलच्या आधी दोन आठवडे आम्ही आमच्याच चुका मोजल्या. चेकिंग टेबलवरच्या मावशींना एक वही दिली आणि सांगितलं की पिकरने, म्हणजे रॅकवरून माल काढून आणणाऱ्याने, चुकीचा माल आणला की एक रेघ मारायची. शेठ म्हणाले, “कशाला वही, चुका होतात हे माहीतच आहे की.” निघाल्या २,६४० ओळींत ४१ चुका, म्हणजे शेकडा दीडच्या वर. हा आकडा हातात नसता तर ‘सुधारणा झाली’ म्हणणाऱ्याला काय विचारणार होतो?

मग पान लिहिलं. निकष तीनच. एक, चुकीचं पिकिंग अर्धा टक्का किंवा कमी. दोन, इंटरनेट १५ मिनिटं बंद. परत आल्यावर एकही स्कॅन हरवू नये, एकही दोनदा येऊ नये. तीन, डिस्पॅच झालं की टॅलीत व्हाउचर हाताने न टाकता पडावं. मोजणार कोण, तर मावशींची वही. रोज संध्याकाळी त्यांचा इंजिनिअर आणि मी दोघांनी सही करायची. शेवटचे पाच दिवस त्यांचा इंजिनिअर गोडाऊनमध्ये पाय ठेवणार नाही, काय ते फोनवर. हे शेवटचं वाक्य घालायला मी हट्टाने बसलो, कारण मागच्या कंपनीचा पोरगा ट्रायलभर पिकरच्या मागे फिरून स्वतःच स्क्रीन दाबत होता. पहिल्या निकषात एक ओळ माझ्या टॅलीवाल्या मित्राने सुचवली: ‘गेटबाहेर गेलेली प्रत्येक ओळ मोजायची.’ तेव्हा ती मला फालतू वाटली होती.

चौथ्या दिवशी कंपनीने विचारलं की पिकिंगचा वेगही निकषात घालूया का. त्यांच्या डॅशबोर्डवर तो आकडा फारच सुंदर दिसत होता. सही झालेल्या पानात आता काही नवीन नाही, एवढंच बोललो.

दहाव्या दिवशी त्यांनी चकचकीत रिपोर्ट आणला. चूक ०.३५ टक्के, पास! मावशींच्या वहीत मात्र ०.५८. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नव्हतं. दहा दिवसांत २,७६४ ओळी गेल्या. त्यातल्या २,५४८ स्कॅन होऊन गेल्या, त्यांत ९ चुका. उरलेल्या २१६ ओळींत पिकरने ‘मॅन्युअल’चं बटण दाबून माल उचलला होता, कारण जुन्या स्टॉकच्या बॉक्सवर बारकोडच नव्हता किंवा सप्लायरचा बारकोड आमच्या आयटमशी जोडलेला नव्हता. त्यांत ७ चुका. सॉफ्टवेअरला स्कॅन झालेलंच दिसतं, म्हणून त्यांनी ९ ला २,५४८ ने भागलं. पण गिऱ्हाइकाकडून परत येणाऱ्या मालावर ‘हा मॅन्युअल होता’ असं लिहिलेलं नसतं. १६ ला २,७६४ ने भागायचं होतं, आणि का, तर पानावर ‘गेटबाहेर गेलेली प्रत्येक ओळ’ होतं. ती ओळ नसती तर आम्ही त्या मीटिंगमध्ये भागाकारावर भांडत बसलो असतो आणि जो जोरात बोलतो तो जिंकला असता.

नापास. पण पानावर एक सवलत होती: कुठल्याही एका निकषाला एकदाच पाच दिवसांची वाढ, लक्ष्य तेच. त्यांच्या माणसाने दोन दिवस बसून बारकोड जोडले, आम्ही जुन्या बॉक्सवर आपली लेबलं मारली. पाच दिवसांत १,३९० ओळी, मॅन्युअल फक्त ३१, चुका ५. पास, ०.३६.

इथे मी माझ्याच बाजूचा एक पोकळपणा कबूल करतो. १,३९० ओळींवर अर्धा टक्का म्हणजे सहा चुका चालल्या असत्या, सातव्याला नापास. पाच आणि सात यांत फरक नशिबाचाही असू शकतो. एक पिकर मंगळवारी झोपाळलेला असता तर संपलं होतं. एवढ्या कमी ओळींवर इतकी बारीक सीमा धरायची तर दिवस वाढवायला हवे होते. खरा भरवसा मिळाला तो पास होण्यातून नाही, मॅन्युअल ओळी २१६ वरून ३१ वर आल्या त्यातून, कारण चूक तिथूनच शिरत होती. मार्चपासून वहीत महिन्याला हजारी चारच्या आसपास चुका येतायत. तेव्हा हा भाग सॉफ्टवेअरच्या खात्यात जमा.

आता ‘बीप’. वाचणारे म्हणतील हे काय लहान मुलासारखं, पण मला आठ महिने त्याने छळलंय. बरोबर बेअरिंग स्कॅन केलं तरी बीप, चुकीचं केलं तरी तीच बीप. चुकीचं असेल तर स्क्रीन लाल होते, पण पिकर स्क्रीन बघत नाही, रॅकवर पुढचा नंबर शोधत असतो. वर मेझनाइनवर पंख्याची घरघर. बीप ऐकू आली की माल ट्रॉलीत. तीन लाखांच्या सॉफ्टवेअरला दोन आवाज काढता येत नाहीत? मी यावर चार मेल केले. निकषात आवाजाचा उल्लेख नाही, हे उत्तर चारही वेळा आलं.

अपडेट, मागच्या आठवड्यातला: चूक अर्धी माझीच निघाली. ती बीप सॉफ्टवेअरची नव्हतीच. बारकोड वाचता आला एवढंच सांगणारी ती यंत्राची स्वतःची बीप. तो बारकोड आपल्याला हवा तोच आहे का, हे ऍप नंतर ठरवतं. यंत्राच्या स्कॅनर सेटिंगमध्ये ती बीप बंद करता येते, मग ऍपचे दोन वेगळे आवाज चालू करायचे. ते ऍपमध्ये पहिल्यापासून होते, फक्त बंद ठेवलेले. त्यांच्या चार उत्तरांपैकी एकातही हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं रबाळ्यातच स्कॅनर दुरुस्त करणाऱ्या माणसाने, २०० रुपये घेऊन.

परत जुलैकडे. लॉग काढून बघितला तर दुहेरी आलेल्या प्रत्येक स्कॅनची वेळ सेकंदापर्यंत तीच होती. प्रत्येक वेळी एकाच सेकंदात तेच बेअरिंग दोनदा स्कॅन करणं पिकरला शक्य नाही, म्हणजे माणसाची चूक नव्हे, तीच पोतडी दोनदा पोचली. झालं असं: ट्रायलच्या १५ मिनिटांत सगळ्या स्कॅनरमध्ये मिळून सहा-सात स्कॅन साठले होते, ते झटक्यात वर गेले. सव्वाचार तासांत शे-सव्वाशे साठले. कमकुवत हॉटस्पॉटवर सर्व्हरने ते घेतले, पण ‘मिळाले’ हा निरोप स्कॅनरपर्यंत पोचायच्या आत वेळ संपली. ज्या स्कॅनरचं असं झालं त्याला वाटलं गेलेच नाहीत, त्याने आपले सगळे पुन्हा पाठवले. प्रत्येक स्कॅनला स्वतःचा नंबर असता तर सर्व्हरने दुसरी खेप ओळखून टाकून दिली असती. टॅली वाचली ती अशीच, आमच्या टॅलीत बिल नंबर दुसऱ्यांदा चालत नाही.

म्हणजे माझा निकषच चुकीच्या मापात होता. मिनिटं मोजायची नव्हती. ‘दीडशे स्कॅन साठू द्या, ते वर जात असताना अर्ध्यात वायफाय काढा, परत लावा, मग मोजा’ असं लिहायला हवं होतं. अर्ध्या तासाचं काम, ट्रायलमध्येच पकडलं गेलं असतं.

कंपनीने आधी हे ‘नवीन काम’ म्हणून ६० हजारांचं कोटेशन पाठवलं. ते १५ मिनिटांना धरून बसले, मी त्याच ओळीतल्या ‘एकही दोनदा येऊ नये’ला धरून. दोन फोन मी चढ्या आवाजात केले, त्यातला एक जरा जास्तच, ते मान्य. शेवटी लॉगचे स्क्रीनशॉट आणि सेकंदांची यादी त्यांच्या डेव्हलपरकडे गेली तेव्हा तो पाच मिनिटांत म्हणाला, “हो, बग आहे.” तीन आठवड्यांनी नवीन व्हर्जन आलं, फुकट.

ते मी लगेच चारही स्कॅनरवर टाकलं नाही. एकावर टाकलं, त्यात दीडशे स्कॅन साठवले, सिंक चालू असताना राउटरची वायर उपटली. दोनदा करून बघितलं. १५० च आले.

वार्षिक देखभालीच्या कराराचं, म्हणजे एएमसीचं, रिन्यूअल डिसेंबरात आहे. नवीन पानाचा कच्चा मसुदा करून ठेवलाय, त्यात आवाजाची ओळ सगळ्यात वर आहे. शेठ म्हणतात सेटिंग सापडलं ना, मग ती काढ. मी काढणार नाही.