कायद्याच्या मॅक्झिमवरची उत्तरतालिका: उत्तर बरोबर, कारण चुकलेलं

एमएच सीईटी लॉच्या, कायद्याच्या लॅटिन सूत्रांवरच्या म्हणजे मॅक्झिमवरच्या सराव चाचणीसाठी एका शिकवणीच्या सरांनी तयार केलेली ही उत्तरतालिका काही महिने वापरून झाली आहे. प्रत्येक प्रश्नाच्या चारही पर्यायांपुढे एकेक ओळीचं कारण दिलेलं आहे. नुसती अ-ब-क-ड उत्तरं कुठेही फुकट मिळतात, इथे पैसे मोजायचे ते या कारणांच्या ओळींसाठी. त्यामुळे ओळ चुकली की राग येतो, आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ चुकलेली आहे.

प्रश्न असा आहे: मोटारशर्यतीत दोन गाड्या धडकतात, एक कठड्यावरून उडून प्रेक्षकांत पडते. आयोजकांनी कठडा नीट बांधला होता. जखमी प्रेक्षकाला भरपाई मिळेल का? इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या खटल्यावरून हा प्रश्न बेतलेला आहे. उत्तर 'नाही, वोलेन्टी नॉन फिट इन्जुरिया', म्हणजे स्वेच्छेने धोका पत्करणाऱ्याला भरपाई मागता येत नाही, आणि ते बरोबर आहे. कारण मात्र असं छापलंय: 'प्रेक्षकाला धोका माहीत होता.' इथेच सगळी गडबड होते. धोका माहीत असणं म्हणजे धोक्याला संमती नव्हे.

याच चाचणीत पुढे क्रेनचा प्रश्न येतो. कामगार खडक फोडतोय, त्याच्या डोक्यावरून दगड नेले जातायत, आणि हे त्याला माहीत आहे. दगड पडून तो जखमी होतो. हा १८९१ चा स्मिथ विरुद्ध बेकर खटला. हाउस ऑफ लॉर्ड्सने कामगाराच्या बाजूने निकाल दिला, कारण धोका माहीत असूनही तो काम करत राहिला एवढ्यावरून त्याने तो धोका पत्करला असं ठरत नाही. उत्तरतालिकेत याचंही उत्तर बरोबर आहे. पण पहिल्या प्रश्नाचं कारण पाठ केलेला विद्यार्थी क्रेनच्या प्रश्नात हमखास चुकणार, कारण 'माहीत होतं' ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. खरा फरक असा: प्रेक्षकाने खेळातला स्वाभाविक धोका आपणहून स्वीकारला आणि आयोजकांनी काळजीत कसूर केली नाही, तर कामगाराच्या बाबतीत मालकाचा निष्काळजीपणा होता. कठडा मोडका असता तर पहिल्या प्रश्नाचं उत्तरही उलटलं असतं.

छापलेलं कारण पारखायची पद्धत यातूनच मिळते. प्रश्नातली एक बाब बदला आणि कारण वाचून नवं उत्तर सापडतं का ते पाहा. सापडलं तर ओळ कामाची.

या कसोटीवर तालिकेचा बराच भाग चांगला उतरतो. सुरुवातीला ओळी फार तोकड्या वाटल्या होत्या, ते मत आता बदललंय. मतदाराचा प्रश्न घ्या. अधिकाऱ्याने पात्र मतदाराला मत देऊ दिलं नाही, तरी त्याचा उमेदवार निवडून आला. उत्तर इन्जुरिया साइन डॅम्नो, म्हणजे नुकसान नसलं तरी हक्क मोडला. अॅशबी विरुद्ध व्हाइट, १७०३. डॅम्नम साइन इन्जुरिया, म्हणजे नुकसान झालं पण हक्क मोडला नाही, या पर्यायापुढे लिहिलंय: 'इथे हक्कच मोडला, फक्त नुकसान नाही.' नेमकी, पुरेशी ओळ. आता बाब बदला: शेजारी दुसरी शाळा निघाली आणि जुन्या शाळामास्तरांना फी कमी करावी लागली. नुकसान आहे, पण हक्क मोडला नाही, म्हणजे उत्तर दुसऱ्या सूत्रावर गेलं. हा ग्लॉस्टरचा १४१० चा खटला.

त्याच प्रश्नात उबी जस इबी रेमेडियम या पर्यायापुढे मात्र 'लागू नाही' एवढंच आहे. हे चुकीचं आहे. हक्क असेल तर तो राबवायचा मार्ग असलाच पाहिजे, हा विचार याच खटल्यात न्यायमूर्ती होल्ट यांनी मांडला. इथे हवं होतं: 'लागू आहे, पण प्रश्नाचा रोख नुकसान नसतानाही दावा चालतो यावर आहे, म्हणून पहिलं सूत्र जास्त नेमकं.' दोन पर्याय खरे वाटतात तेव्हा नेमका कोणता निवडायचा, याचंच उत्तर हवं असतं. 'लागू नाही' असं जिथे जिथे छापलंय, तिथे ही ओळ स्वतः लिहून घ्यावी लागते.

दुसरी तक्रार कलमांची. इग्नोरान्शिया जुरिस नॉन एक्सक्यूजॅट, म्हणजे कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, या सूत्राच्या प्रश्नात वस्तुस्थितीबद्दलच्या गैरसमजासाठी भारतीय दंड संहितेची कलमं ७६ आणि ७९ दिलीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती १४ आणि १७ आहेत. आधी हा दोष मोठा वाटला, पण तत्त्व तेच आहे आणि त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनी संहिताच लागते, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी लिहिले की काम भागतं. सरांनी मात्र एवढ्याच बदलासाठी सुधारित प्रत काढून पुन्हा पैसे मागितले, आणि वोलेन्टीची ओळ तशीच ठेवली.

म्हणून नवी प्रत घेऊ नका. जुनी मिळाली तर वोलेन्टीपुढचं 'माहीत होता' खोडून 'स्वेच्छेने स्वीकारला, आयोजकाची कसूर नाही' असं लिहा आणि क्रेनचा प्रश्न लगेच त्यानंतर सोडवा.