स्वयमचं प्रमाणपत्र की घरबसल्या परदेशी एमबीए?

बी.एस्सी. करून लोट्याच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला लागलं की चार-पाच वर्षांत पुढच्या कागदाची ओढ लागते. समोर सहसा दोन वाटा असतात. एक, स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरचा एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा, बारा आठवड्यांचा कोर्स. दुसरी, वर्षभरात घरबसल्या मिळणारी परदेशी विद्यापीठाची एमबीए, हप्त्यांची सोय असलेली. दोन्हींचे फायदे माहितीपत्रकात असतातच, त्यामुळे इथे फक्त कुठला कागद कुठल्या खिडकीवर चालतो तेवढंच बघू.

परदेशी पदवी विकणाऱ्याला मान्यतेचं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "दादा, एकदम व्हॅलिड, अपोस्टिल करून मिळते." मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, आणि माझा कलही इथेच ठरला. अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे, एवढीच ग्वाही. सही करणाऱ्या संस्थेला पदवी द्यायचा अधिकार आहे का, अभ्यासक्रम कसा होता, याच्याशी तिचा संबंध नाही. आखातात नोकरीला जाताना कोकणातल्या घराघरांत कागदांवर हे सोपस्कार होतात, त्यामुळे शब्द ओळखीचा वाटतो आणि माणूस फसतो.

खरी तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा त्या देशात. पदवीपत्रावर कोणाचं नाव छापलं जाणार, ते पूर्ण नाव लेखी मागा. शिकवणाऱ्या कंपनीचं नाव वेगळं असतं आणि जाहिरातीत तेच मोठ्या अक्षरात असतं. इंग्लंडची संस्था असेल तर तिथल्या ऑफिस फॉर स्टुडंट्सच्या रजिस्टरमध्ये तिला पदवी देण्याचा अधिकार आहे की नाही ते दिसतं. लंडनच्या पत्त्यावर कंपनी नोंदवणं वेगळं आणि हा अधिकार मिळणं वेगळं.

दुसरा टप्पा आपल्याकडचा, आणि बहुतेक जण अडकतात ते इथे. विद्यापीठ अस्सल असलं तरी त्याचं फक्त नाव वापरून शिकवणं आणि परीक्षा इथल्या कंपनीने उरकली, तर ती फ्रँचायझी ठरते. एडटेक कंपन्यांनी परदेशी विद्यापीठांच्या साथीने चालवलेल्या अशा ऑनलाइन पदव्यांना मान्यता नाही, असं यूजीसीने डिसेंबर 2023 मध्ये जाहीरपणे सांगितलं. समकक्षता, म्हणजे परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची धरणं, तिच्या 2025 च्या नियमांतही फ्रँचायझीची पदवी बाहेरच ठेवली आहे. समकक्षता नसेल तर सरकारी भरती किंवा पीएच.डी.च्या प्रवेशात कागदपत्रं तपासताना गाडी अडते. खासगी कंपनीत कदाचित चालून जाईल, ते त्या एचआरवर आहे.

आता एनपीटीईएल. ही पदवी नव्हे, आणि अर्जातल्या 'शैक्षणिक अर्हता' या रकान्यात ते प्रमाणपत्र भरता येत नाही. एखाद्या कॉलेजात प्रवेश घेतलेला असेल आणि कॉलेज मानत असेल तरच त्याचे क्रेडिट पदवीत धरले जातात. नोकरदाराला तो फायदा सहसा नाहीच. पण जेवढा दावा आहे तेवढा त्या कागदावर उघड लिहिलेला असतो: असाइनमेंटचे गुण वेगळे, परीक्षेचे वेगळे, शिवाय पडताळणीसाठी क्यूआर कोड. व्हिडिओ शेवटपर्यंत पळवला की मिळणाऱ्या कोर्स-पूर्णतेच्या कागदात आणि यात हाच फरक आहे.

शिकणं फुकट, परीक्षेचे 1000 रुपये. बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंटची सरासरी 25 गुणांत धरतात आणि केंद्रावरची परीक्षा 75 गुणांत. असाइनमेंटमध्ये किमान 10 आणि परीक्षेत किमान 30 हवेत. समजा असाइनमेंटची सरासरी 80 टक्के आली, म्हणजे 20 गुण. परीक्षेत शंभरपैकी 38 पडले, म्हणजे 28.5. बेरीज 48.5 होते, तरी प्रमाणपत्र नाही, कारण परीक्षेचे 30 भरले नाहीत. त्याच परीक्षेत 56 पडले असते तर 42 अधिक 20, म्हणजे 62, आणि साठच्या पुढे असल्यामुळे कागदावर 'एलीट' हा वरचा शेरा लागला असता. घरी बसून कॉपी केलेल्या असाइनमेंटचा उपयोग किती, ते या हिशोबात दिसतं.

एक गैरसोय मात्र आहे. परीक्षेला केंद्रावर स्वतः जावं लागतं. नोंदणी करतानाच केंद्रांची यादी बघा. खेड-चिपळूणच्या जवळ नसेल तर कोल्हापूर किंवा पनवेलची फेरी धरून चाला. मला विचाराल तर ती फेरी परवडते.

परदेशी पदवीच हवी असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर त्या देशात जाऊन तिथल्या वर्गात बसून घेतलेली पदवी ही वेगळीच गोष्ट. तिला वरचे आक्षेप फारसे लागू नाहीत. घरबसल्या मिळणारीचा विचार असेल तर पहिला हप्ता भरण्याआधी एक ईमेल पाठवा: पदवी देणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव काय, परीक्षा कोण घेतं, आणि ही फ्रँचायझी नाही असं लेखी द्याल का? उत्तर ईमेलवर न येता फोनवर आलं, तर हप्ता भरू नका.