मुलीकडच्यांना आणि मुलाकडच्यांना एकच पत्रक: दोन मसुद्यांची तुलना

फोंडा तालुक्यात नव्याने वधू-वर सूचक मंडळ सुरू करणाऱ्या एका बाईंनी पत्रकाचे दोन मसुदे माझ्यापुढे ठेवले आणि कोणता छापावा ते विचारले. दोन्ही चांगल्या मनाने लिहिलेले होते, म्हणूनच निवड अवघड होती.

पहिला मसुदा असा होता: ‘आपल्या लाडक्या लेकीसाठी सुसंस्कृत, सुस्थितीतील घर शोधत आहात? तिच्या लग्नाची काळजी आमच्यावर सोपवा. घरंदाज आणि अनुरूप स्थळे. मुलींसाठी नोंदणी विनामूल्य. शंभर टक्के खात्री.’

दुसरा असा: ‘दोन्ही घरांची ओळख सावकाश आणि मोकळेपणाने व्हावी, यासाठी आम्ही मध्यस्थ म्हणून काम करतो. वधू आणि वर, दोघांकडून सारखीच माहिती आणि सारखेच शुल्क घेतले जाते. शिक्षण व नोकरीची कागदपत्रे आम्ही पाहतो. स्वभावाची ओळख मात्र भेटीतूनच होते. नकार दहा दिवसांत आमच्यामार्फत कळवला जातो आणि पत्रिका व फोटो परत केले जातात.’

पहिला मसुदा कानाला अधिक गोड लागतो. ‘लाडकी लेक’ वाचताच आईचे मन हलते, हे त्याचे बळ आहे. पण हे पत्रक कोणाशी बोलते ते पाहावे. ते फक्त मुलीच्या आई-वडिलांशी बोलते आणि त्यांना काळजीत असलेले लोक म्हणून संबोधते. मुलाची आई ते वाचते तेव्हा तिला त्यात आपली जागाच सापडत नाही, किंवा आपण ‘सुस्थितीतील घर’ आहोत आणि समोरचे गरजू आहेत, असे नकळत वाटू लागते. पुढे दोन्ही घरे मंडळाच्या खोलीत समोरासमोर बसतात, तेव्हा हा भाव बोलण्यात उतरतो.

याचे मूळ भाषेत आहे. मराठीत सोयरिकीची क्रियापदेच एका बाजूला झुकलेली आहेत. मुलगी दाखवतात, मुलगी पाहायला जातात, मुलगी पसंत पडते, मुलगी देतात. मुलगा मात्र दाखवला जात नाही, तो येतो. पत्रक लिहिणाऱ्याने ही क्रियापदे टाळली की निम्मे काम होते. ‘मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम’ या जागी ‘दोन्ही घरांची भेट’, आणि ‘मुलगी पसंत पडल्यास’ या जागी ‘दोघांची संमती असल्यास’ असे लिहिता येते. दुसऱ्या मसुद्यात हे काम झालेले आहे.

‘मुलींसाठी नोंदणी विनामूल्य’ या ओळीबद्दल बाईंना विशेष वाटत होते, कारण ती त्यांनी सवलत म्हणून मनापासून लिहिली होती. मी त्यांना ती काढण्यास सांगितले. एका बाजूकडून शुल्क घेतले आणि दुसऱ्या बाजूकडून घेतले नाही, तर पैसे भरणाऱ्यास मंडळ आपले वाटते आणि न भरणाऱ्यास आपण यादी वाढवण्यासाठी आहोत असे वाटते. कमी उत्पन्नाच्या घरांना सूट द्यायची असेल तर ती जरूर द्यावी, पण वधू आणि वर दोघांनाही द्यावी.

‘शंभर टक्के खात्री’ ही ओळ तर कोणत्याच मंडळाने लिहू नये. मंडळ पदवीचे प्रमाणपत्र पाहू शकते, नोकरीचे पत्र पाहू शकते, पूर्वी विवाह झाला असल्यास घटस्फोटाच्या निकालाची प्रत मागू शकते. माणसाचा राग, व्यसन किंवा घरातले वातावरण ते तपासू शकत नाही. दुसऱ्या मसुद्यातील ‘स्वभावाची ओळख मात्र भेटीतूनच होते’ हे वाक्य म्हणूनच मला मोलाचे वाटते.

खरा फरक मात्र नकाराच्या ओळीत आहे. पहिल्या मसुद्यात नकाराचा उल्लेख नाही. गोव्यात तो असणे फार आवश्यक आहे, कारण येथे दोन अनोळखी घरे फार काळ अनोळखी राहत नाहीत. नकार दिलेले घर पुढच्या जत्रेला त्याच देवळाच्या प्रांगणात भेटते. पूर्वापार अनेक घरांत सोयरीक पुढे नेण्याआधी कुळदेवाला फुले किंवा पाकळ्या लावून कौल घेतला जातो. कौल मिळाला नाही म्हटले की कोणाचाही अपमान न होता बोलणी थांबतात. पत्रिका जुळली नाही, हे कारणही बऱ्याचदा हेच काम करते. मंडळाकडे अशी सोय नसते, म्हणून ती पत्रकातच लिहून ठेवावी लागते.

डिचोलीतील एका घराचा अनुभव मी जवळून पाहिला आहे. भेट चांगली झाली, चहा झाला, ‘कळवतो’ म्हणून पाहुणे गेले आणि नंतर काहीच कळले नाही. मुलीच्या वडिलांनी दोन महिने दुसरे स्थळ पाहिले नाही, कारण एका घराशी बोलणी चालू असताना दुसरीकडे पाहणे त्यांना योग्य वाटत नव्हते. मध्यस्थांकडे विचारावे तर आपण मागे लागलो असे दिसेल, म्हणून तेही टाळले. अखेर नकार कळला तो एका नातेवाइकाकडून, आणि कारणासह. ते कारण मुलीच्या रंगाविषयी होते. दहा दिवसांची मुदत आणि ‘आमच्यामार्फत’ हा एक शब्द असता, तर यातले बहुतेक दुःख टळले असते. दुसऱ्या मसुद्यात मी येथे फक्त ‘कारण न विचारता’ ही भर घातली.

एक बाब दोन्ही मसुद्यांत नव्हती, पण बाईंच्या मनात होती. ‘एकुलती एक कन्या, घर-जमिनीची वारस’ अशा ओळी काही कुटुंबे स्वतःहून लिहून आणतात. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात १९८६ च्या दुरुस्तीने जाहिरातीविषयी कलम आले. लग्नाच्या मोबदल्यात मालमत्तेत किंवा धंद्यात वाटा देऊ करणारी जाहिरात देणे, छापणे व वाटणे हा त्यानुसार गुन्हा आहे. गोव्यात तर आई-वडिलांच्या मालमत्तेतील अर्धा भाग मुलांसाठी कायद्यानेच राखलेला असतो आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. त्यामुळे अशी ओळ नवी माहिती काही देत नाही, केवळ आमिष दाखवते. मालमत्तेचे बोलणे करायचेच असेल तर ते सोयरीक ठरल्यावर, दोन्ही घरांनी वकिलासमोर बसून करावे, कारण येथे विवाहाआधी वेगळा करार केला नाही तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि नंतर तसा करार करता येत नाही.

माझा कौल दुसऱ्या मसुद्याला आहे. त्याचा एकच उणेपणा असा की तो थोडा कार्यालयीन वाटतो. घरी बसून वाचणाऱ्या आजीला त्यात आपुलकी जाणवत नाही. रविवारच्या वर्तमानपत्रात चार ओळींचीच जागा असेल, तर पहिल्याची सुरुवात अधिक लक्ष वेधते, हेही मान्य करावे लागते. म्हणून पहिल्याची आपुलकी दुसऱ्याच्या रचनेत आणून बाईंनी अखेर जे छापले, त्याची सुरुवात अशी आहे: ‘आपली लेक आणि आपला लेक, दोघेही आपल्याला सारखेच लाडके. त्यांच्या सोयरिकीचे बोलणे दोन्ही घरांचा मान राखून व्हावे, म्हणून आम्ही मधे उभे आहोत.’ त्यानंतर दुसऱ्या मसुद्यातील शुल्काची, कागदपत्रांची आणि नकाराची वाक्ये आहेत, आणि शेवटी मंडळात भेटण्याचे दिवस.