खासदार मराठीत बोलले, पण अवतरण कुठल्या प्रतीतलं?

जळगाव-धुळ्याकडची मुलं प्रबंधाचं प्रकरण दाखवायला आणतात तेव्हा मी आधी तळटिपा बघतो. परवा एकीने केळीच्या पीकविम्यावर खासदार ‘लोकसभेत म्हणाले’ असं लिहून अवतरणचिन्हांत चार मराठी ओळी दिल्या होत्या. “हे शब्द कुठले गं?” “सर, लोकसभेच्या साइटवरचं इंग्रजी मीच मराठीत केलं.” खासदार मुळात मराठीतच बोलले होते! मराठीचं इंग्रजी झालं आणि त्याचं पुन्हा भलतंच मराठी.

भाषणानंतर लवकर मिळते ती कामकाजाच्या नोंदीची दुरुस्तीपूर्व प्रत. ‘प्रकाशनासाठी नाही’ असा शेरा असलेली. घाई असेल तर ती वाचा, पण छापून यायच्या कामात अधिकृत प्रतच द्या. दोन्हींत मराठी भाषण बहुधा भाषांतरातच भेटतं आणि खाली फुली मारून तसं सांगितलेलं असतं.

ही फुली नीट बघा. तीच खूण ‘मूळ भाषण मराठीत’ यासाठी येते, ‘नोंद घेतली नाही’ किंवा ‘अध्यक्षांच्या आदेशाने वगळलं’ यासाठी येते आणि ‘भाषण पटलावर ठेवलं’ यासाठीही येते. पटलावर ठेवलेलं भाषण सभागृहात कुणी ऐकलेलंच नसतं, तिथे ‘म्हणाले’ हे क्रियापदच खोटं.

चित्रफितीत खासदारांचे स्वतःचे शब्द मिळतात. म्हणून शब्दांवरच युक्तिवाद उभा असेल, एखादी म्हण किंवा अहिराणी टोला असेल, तर मी चित्रफीत धरतो: ऐकून स्वतः उतरवून घ्यायचं, तारीख आणि मिनिट-सेकंद द्यायचे, शेजारी अधिकृत प्रतीचा संदर्भ ठेवायचा. नुसता मुद्दा हवा असेल तर अधिकृत प्रत पुरे. मात्र मराठी तुमचं असेल तर अवतरणचिन्हं काढा आणि ‘इंग्रजी भाषांतरावरून’ असं लिहा.

चित्रफितीचा धोका वेगळाच आहे. थेट प्रक्षेपणातून उचललेल्या तुकड्यात कामकाजातून वगळलेलं वाक्य तसंच फिरत राहतं. बिहार विधानसभेतलं वगळलेलं भाषण ‘सर्चलाइट’ या वृत्तपत्राने छापलं तेव्हा प्रकरण विशेषाधिकारभंगावर गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सभागृहाच्या बाजूने कौल दिला. अधिकृत प्रतीत वगळल्याची फुली दिसली की ते वाक्य सोडून द्या.

जाहीर सभेला भाषणाची अधिकृत नोंद ठेवणारं कार्यालयच नसतं. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसचं नेहरूंचं अध्यक्षीय भाषण घ्यायचं, तर भूमिकेसाठी ग्रंथात छापलेला पाठ घ्यावा. त्या दिवशी लोकांपर्यंत काय पोचलं हे हवं असेल तर त्या आठवड्याची वृत्तपत्रं काढावीत. दोन्ही वापरलीत तर दोन तळटिपा द्या. एका पाठातलं अर्धं वाक्य दुसऱ्याला जोडून गुळगुळीत केलेलं मी दोनदा पकडलंय.